मधुमेही प्रवाशाचे पत्र

विमानतळावरील सुरक्षा-तपासणीच्या रांगेत प्रवाशांच्या पिशव्या एका सरकत्या पट्ट्यावरून क्ष-किरण यंत्रात जातात आणि आतील वस्तूंची छाया पडद्यावर उमटते. पडद्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याला एखाद्या पिशवीत काचेच्या पाच लहान कुप्या, सुया बसविलेल्या शंभरावर सिरिंजा आणि जेलने भरलेली एक थंड थैली दिसली, तर त्याने ती पिशवी बाजूला काढणे साहजिकच आहे. त्या पिशवीची मालकीण इन्शुलिन घेणारी मधुमेही रुग्ण असेल, तर तिच्या दृष्टीने त्या सर्व वस्तू रोजच्या जेवणाइतक्याच आवश्यक असतात. परंतु कर्मचाऱ्याला ते पडद्यावरून कळण्याचा मार्ग नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अशा प्रवाशाजवळ डॉक्टरांचे एक पत्र असते. हे पत्र एका पानापेक्षा मोठे नसते. मात्र त्यातील प्रत्येक वाक्याला एक निश्चित कारण असते. ती कारणे येथे एका उदाहरणाच्या साहाय्याने पाहावयाची आहेत.

इन्शुलिन टोचूनच का घ्यावे लागते?

अन्नातील पिष्टमय पदार्थांचे पचन झाल्यावर त्यांपासून ग्लुकोज नावाची शर्करा तयार होते व ती रक्तात मिसळते. रक्तातील ही शर्करा स्नायू आणि मेद यांच्या पेशींत शिरण्यासाठी इन्शुलिन हे संप्रेरक लागते. निरोगी माणसाच्या शरीरात ते स्वादुपिंडातील विशिष्ट पेशींत तयार होते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात या पेशी नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे इन्शुलिन बाहेरून पुरवावेच लागते. ते पूर्णपणे बंद पडले, तर एकदोन दिवसांतच, कधी त्याहूनही लवकर, रक्तात घातक आम्ले साठू लागतात व रुग्णाच्या जिवाला धोका उत्पन्न होतो.

इन्शुलिन हे प्रथिन आहे. डाळीतील प्रथिनांचे पोटात जसे विघटन होते, तसेच गोळीच्या रूपाने गिळलेल्या इन्शुलिनचेही होईल. म्हणून ते सुईने त्वचेखाली टोचण्याची रीत पडली. कॅनडातील टोरांटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या एका मुलास स्वादुपिंडाचा अर्क प्रथम टोचण्यात आला. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीस दिल्यावर मात्र मुलाच्या रक्तातील शर्करा स्पष्टपणे उतरली. तेव्हापासून औषधाच्या निर्मितीत पुष्कळ बदल झाले, तरी मुख्य रीत सुईचीच राहिली आहे. तेव्हा इन्शुलिन बाळगणे म्हणजे सुया बाळगणे, हे पत्रातील पहिले सत्य होय.

एका प्रवासाचा हिशेब

समजा, भोपाळ येथील एक शिक्षिका दिल्लीहून विमानाने लंडनला आपल्या बहिणीकडे एकवीस दिवसांसाठी जात आहे. ती दिवसातून चार वेळा इन्शुलिन टोचून घेते. न्याहारीपूर्वी ८, दुपारच्या जेवणापूर्वी ८ आणि रात्रीच्या जेवणापूर्वी ६ एकक असे मिळून २२ एकक त्वरित काम करणारे 'रेग्युलर' इन्शुलिन तिला लागते. निजताना ती सावकाश काम करणारे 'एनपीएच' इन्शुलिन १४ एकक घेते. भारतात कुपीत मिळणारे इन्शुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० एकक इतक्या तीव्रतेचे असते. दहा मिलिलिटरच्या एका कुपीत म्हणून ४०० एकक मावतात.

एकवीस दिवसांना रेग्युलर इन्शुलिनचे ४६२ एकक लागतील आणि एनपीएचचे २९४. पण कुपी हातातून निसटून फुटू शकते, परतीचे विमान रद्द होऊ शकते, आजारपणात मात्राही वाढते. यासाठी गरजेच्या दुप्पट साठा बरोबर ठेवण्याचा सल्ला डॉक्टर सामान्यतः देतात. दुप्पट केल्यावर आकडे ९२४ व ५८८ असे येतात. म्हणजे पहिल्या प्रकारच्या तीन कुप्या आणि दुसऱ्या प्रकारच्या दोन, अशा एकूण पाच कुप्या झाल्या. सिरिंजा दिवसाला चार याप्रमाणे ८४ लागतील; दुपटीने त्या १६८ होतात. दहा-दहांच्या पाकिटांत त्या मिळत असल्याने शिक्षिकेच्या पिशवीत १७० सिरिंजा असतील.

ही संख्या पाहून एखादा अधिकारी चकित झाला, तर त्यात त्याचा दोष नाही. चार गुणिले एकवीस आणि त्याची दुप्पट, हा गुणाकार त्याच्यापुढे मांडला की मात्र आश्चर्य मावळते. डॉक्टरांच्या पत्राने नेमके हेच करावयाचे असते.

पत्राचा नमुना

पत्र रुग्णालयाच्या किंवा डॉक्टरांच्या छापील नावाच्या कागदावर, टंकलिखित आणि इंग्रजीत असावे. कारण ते अनेक देशांच्या अधिकाऱ्यांच्या हाती पडणार असते. ज्या देशात इंग्रजी फारशी चालत नाही तेथे जावयाचे असल्यास स्थानिक भाषेतील भाषांतर जोडावे. त्याचा मजकूर मराठीत मांडल्यास साधारणपणे असा होईल :

"दिनांक अमुक. संबंधित अधिकाऱ्यांस,

अमुक नावाच्या, अमुक क्रमांकाचे पारपत्र धारण करणाऱ्या या बाई माझ्या उपचाराखाली आहेत. त्यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह असून जगण्यासाठी त्यांना दररोज चार वेळा इन्शुलिन टोचून घ्यावे लागते. दिल्ली ते लंडन व परत या एकवीस दिवसांच्या प्रवासात त्यांच्याजवळ पुढील वस्तू आहेत : मानवी विद्राव्य इन्शुलिन (रेग्युलर), दर मिलिलिटरला ४० एकक, १० मिलिलिटरच्या ३ कुप्या, मानवी आयसोफेन इन्शुलिन (एनपीएच), दर मिलिलिटरला ४० एकक, १० मिलिलिटरच्या २ कुप्या, सुया बसविलेल्या यू-४० सिरिंजा १७०, रक्तशर्करा मोजण्याचे उपकरण, त्याच्या पट्ट्या व बोट टोचण्याच्या सुया, ग्लुकोजच्या गोळ्या, थंड जेलची थैली, वापरलेल्या सुयांसाठी टणक डबा. विलंब व नुकसान यांचा विचार करून साठा गरजेच्या दुप्पट ठेवला आहे. तो केवळ त्यांच्या स्वतःच्या वापरासाठी आहे.

इन्शुलिन गोठल्यास निकामी होते. म्हणून या सर्व वस्तू विमानात त्यांच्या हातातील सामानातच राहिल्या पाहिजेत. त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले किंवा त्या गोंधळल्यासारख्या वाटल्या, तर रक्तातील शर्करा एकाएकी उतरली असण्याचा संभव आहे. अशा वेळी त्यांना ताबडतोब ग्लुकोज घेऊ द्यावे. त्या शुद्धीवर नसल्यास तोंडात काहीही न घालता वैद्यकीय मदत बोलवावी."

शेवटी डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, शिक्का आणि दूरध्वनी क्रमांक. पत्राला औषधाच्या चिठ्ठीची प्रत जोडलेली असते.

दोन अधिकारी, दोन शंका

हे पत्र वाचणारे मुख्यतः दोन प्रकारचे अधिकारी असतात आणि त्यांच्या शंका एकमेकींहून अगदी भिन्न असतात. सुरक्षा-कर्मचाऱ्यापुढील प्रश्न असा असतो की, या वस्तूने विमानाला किंवा सहप्रवाशांना इजा होऊ शकेल काय? सीमाशुल्क खात्याचा अधिकारी, म्हणजे ज्याला पूर्वी जकात अधिकारी म्हणत, तो विचारतो की, हा माल विकण्यासाठी तर आणलेला नाही ना, आणि त्यात एखादे निषिद्ध द्रव्य तर नाही ना?

पहिल्या शंकेस उत्तर देणारी गोष्ट म्हणजे औषध व सुया यांचा परस्परसंबंध. बहुतेक देशांच्या नियमांत न वापरलेल्या सुयांना परवानगी मिळते ती टोचण्याचे औषध सोबत असते म्हणून. नुसत्या सुयांचा गठ्ठा एका पिशवीत आणि कुप्या दुसऱ्या पिशवीत असतील, तर हा संबंध तुटतो. म्हणून दोन्ही एकत्र, पारदर्शक पिशवीत आणि मूळ वेष्टनात ठेवावीत. वेष्टनावरील औषधाचे नाव व पत्रातील नाव यांचा मेळ बसला पाहिजे. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी ठेवण्यापूर्वीच प्रवाशाने कर्मचाऱ्यास "माझ्याजवळ इन्शुलिन व सुया आहेत" असे सांगावे. यंत्राने शोधून काढलेली वस्तू आणि प्रवाशाने आपण होऊन दाखविलेली वस्तू यांकडे पाहण्याच्या दृष्टीत फार फरक पडतो.

द्रव पदार्थांचा प्रश्नही याच ठिकाणी उपस्थित होतो. ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आल्यावर हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या पात्रातून द्रव नेण्यास जगभर बंदी आली. पुढे काही विमानतळांवर नवी यंत्रे बसली व तेथे ही बंदी सैल झाली. परंतु अनेक ठिकाणी ती कायम आहे. शिक्षिकेच्या पाचही कुप्यांत मिळून ५० मिलिलिटर द्रव आहे आणि प्रत्येक कुपी केवळ दहा मिलिलिटरची आहे. तेव्हा इन्शुलिनमुळे नियमभंग होतच नाही. अडचण उद्भवते ती जेलच्या थैलीमुळे, कारण तिच्यातील जेल १०० मिलिलिटरहून अधिक असू शकते. औषधास आवश्यक असल्यास अशा थैलीला सामान्यतः सवलत मिळते. पण ती थैली औषधासाठीच आहे, हे पत्रात लिहिलेले असावे लागते. वस्तूंच्या यादीत तिचा उल्लेख विसरला जाण्याची चूक वरचेवर घडते.

सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या शंकेला मात्र आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते. "रुग्णास मधुमेह असून औषधे बाळगण्याची गरज आहे" एवढेच लिहिलेल्या पत्राचा त्याला काही उपयोग नाही. किती दिवसांचा प्रवास, दिवसाला किती वेळा टोचणे, एकूण कुप्या किती, सिरिंजा किती, हे लिहिलेले असले म्हणजे तो स्वतः मोजून खात्री करून घेऊ शकतो. पत्रातील नाव पारपत्रातील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत, किंवा वडिलांचे नाव एका कागदावर असून दुसऱ्यावर नसल्यास, ही विसंगती नकळत राहून जाते आणि औषध दुसऱ्या कोणाचे असावे असा संशय उत्पन्न होतो.

औषधाची केवळ व्यापारी नावे लिहिणे हाही एक दोष होय. भारतात खपणारे नाव परदेशातील अधिकाऱ्याने कधी ऐकलेले नसते. शास्त्रीय नाव मात्र कोठेही ताडून पाहता येते. आपल्याकडे ज्याला 'रेग्युलर' म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये 'विद्राव्य' आणि 'एनपीएच'ला 'आयसोफेन' म्हणण्याचा प्रघात आहे. म्हणून वरील नमुन्यात दोन्ही नावे दिली आहेत.

हातातील सामानाचा आग्रह

सुयांची पेटी मोठ्या बॅगेत घालून विमानाच्या मालकक्षात पाठवा, अशी सूचना एखाद्या वेळी सद्हेतूनेच केली जाते. ती मान्य करण्यात धोका आहे. बॅग हरवली तर साठा हरवतो, हे उघड आहे. त्याहून सूक्ष्म धोका थंडीचा. उंचावर बाहेरील हवा शून्याखाली कितीतरी अंश थंड असते आणि मालकक्षाच्या प्रत्येक भागात पुरेशी ऊब राहील याची खात्री देता येत नाही. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाचे असते, आणि वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात टिकते; नेमकी मर्यादा वेष्टनावर छापलेली असते. एकदा गोठलेले इन्शुलिन मात्र पुन्हा वितळले तरी विश्वासार्ह राहत नाही. याच कारणास्तव कुपी बर्फाला किंवा गोठलेल्या जेलला थेट टेकवून ठेवू नये; मध्ये कापडाची घडी असावी.

बिघडलेले इन्शुलिन काही वेळा डोळ्यांना ओळखता येते. रेग्युलर इन्शुलिन पाण्यासारखे स्वच्छ असते. त्यात गढूळपणा किंवा कण दिसले तर ते टाकून द्यावे. एनपीएच मुळातच दुधाळ असते आणि कुपी तळहातांत हळुवार फिरविल्यावर ते सर्वत्र सारखे दिसावयास हवे. त्यात गुठळ्या राहिल्या किंवा काचेच्या आतल्या बाजूस हिमकणांसारखा थर चिकटलेला दिसला, तर ते निकामी झालेले असते. परंतु उन्हाने बिघडलेले इन्शुलिन पुष्कळदा पूर्ववतच दिसते. नेहमीची मात्रा घेऊनही रक्तशर्करा अकारण चढत राहणे, एवढीच त्याची खूण असते. अशा वेळी नवी कुपी उघडणे इष्ट, आणि ती हाताशी असावी म्हणूनच तो दुप्पट साठा.

क्ष-किरण यंत्रातून कुप्या गेल्याने इन्शुलिन बिघडते, ही भीती मात्र निराधार आहे. शरीरावर लावलेला इन्शुलिन-पंप किंवा शर्करेचे सतत मापन करणारे उपकरण यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांपैकी काही क्ष-किरणांपासून किंवा शरीर तपासणाऱ्या यंत्रापासून दूर ठेवावीत असे त्यांचे निर्मातेच सांगतात. अशी उपकरणे असल्यास पत्रात त्यांचे नाव घालून हाताने तपासणी करण्याची विनंती केलेली असावी.

नशा नव्हे, शर्करेचा उतार

पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य सामानासंबंधी नाही. विमानतळावरील रांगा लांबतात, जेवणाची वेळ टळते, टोचलेले इन्शुलिन मात्र आपले काम करीतच राहते. अशा वेळी रक्तातील शर्करा दर १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. मेंदूला ग्लुकोजचा पुरवठा अपुरा पडल्यामुळे माणूस अडखळत बोलतो, प्रश्नांना भलतीच उत्तरे देतो, कधी चिडतो. त्याला दरदरून घाम येतो. परक्याला ही लक्षणे दारूच्या अमलासारखी, किंवा काही लपविणाऱ्या माणसाच्या घाबरटपणासारखी वाटतात. संशयित म्हणून त्याला खोलीत बसवून ठेवले आणि त्याची पिशवी काढून घेतली, तर ज्या ग्लुकोजने तो दहा-पंधरा मिनिटांत सावरला असता तेच त्याच्यापासून दूर जाते.

यास्तव पत्रात लक्षणे आणि उपाय दोन्ही स्पष्ट लिहावयाचे असतात. उपाय म्हणजे सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, आणि पंधरा मिनिटांनी शर्करा पुन्हा मोजणे. फळांच्या रसाची मोठी बाटली द्रवाच्या नियमात अडकू शकते. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा भुकटी यांना ती अडचण नाही. त्या पिशवीत न ठेवता खिशात ठेवाव्यात, कारण पिशवी काही काळ तरी दुसऱ्याच्या हाती जाणारच असते.

पत्राच्या मर्यादा

हे पत्र म्हणजे परवाना नव्हे. ते दाखविल्यावरही कर्मचारी पिशवी उघडू शकतो, प्रत्येक कुपी पाहू शकतो, वरिष्ठांना बोलावू शकतो. तसे करण्याचा त्याला अधिकार आहे. काही देश प्रवाशाने आणावयाच्या औषधांच्या मुदतीवर मर्यादा घालतात आणि त्याहून अधिक साठ्यासाठी आगाऊ परवानगी मागतात. शिक्षिकेसारखा बेचाळीस दिवसांचा साठा अशा देशात नेण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीकडे चौकशी करणे आवश्यक ठरते. जुने पत्रही फारसे उपयोगी पडत नाही. मात्रा बदलली की हिशेब बदलतो, आणि पत्रातील आकडे पिशवीतील वस्तूंशी जुळेनासे होतात. पत्राच्या दोन प्रती असाव्यात व मूळ पत्र पारपत्राबरोबर ठेवावे. मोठ्या बॅगेत बंद होऊन मालकक्षात गेलेले पत्र असून नसल्यासारखेच होय.

तिसरा वाचक

सुरक्षा-कर्मचारी व सीमाशुल्क अधिकारी यांच्याखेरीज या पत्राला एखादे वेळी आणखी एक वाचक लाभतो. समजा, लंडनमध्ये शिक्षिकेची पिशवीच चोरीस गेली. तेथील डॉक्टर तिला नवे इन्शुलिन देतील. परंतु तेथे माणसांसाठी मिळणारे कुपीतील इन्शुलिन दर मिलिलिटरला १०० एकक असते. ब्रिटनने १९८३ साली हेच प्रमाण स्वीकारले. भारतातील यू-४० सिरिंजेची टोपी लाल असते, यू-१०० सिरिंजेची नारिंगी. दोहोंवरील रेघा निरनिराळ्या तीव्रतेसाठी आखलेल्या असतात.

तिच्या खोलीत मागे राहिलेल्या लाल टोपीच्या सिरिंजेने तिने हे नवे इन्शुलिन ८ च्या रेघेपर्यंत ओढले, तर काय होईल? त्या रेघेपर्यंत ०.२ मिलिलिटर द्रव येतो. तेवढ्या द्रवात जुन्या कुपीतील ८ एकक असत. नव्या कुपीतील २० एकक असतील. म्हणजे अडीचपट मात्रा शरीरात जाईल आणि शर्करा धोकादायक रीतीने उतरेल. याच्या उलट, जुन्या कुपीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजेने ८ ची मात्रा घेतल्यास ०.०८ मिलिलिटर, म्हणजे अवघे ३.२ एकक इन्शुलिन जाईल आणि शर्करा चढत राहील. नव्या कुपीबरोबर नवी सिरिंज घेणे, हाच यावर उपाय आहे. पत्रात 'दर मिलिलिटरला ४० एकक' हे शब्द लिहिलेले असले, तर डॉक्टर किंवा औषधविक्रेता ही गोष्ट वेळीच तिच्या ध्यानात आणून देऊ शकतो. मापनाची रीतही तेथे वेगळी आहे. आपल्याकडील ७० मिलिग्रॅम हा आकडा तेथे १८ ने भागून ३.९ मिलिमोल असा सांगतात. तोही पत्राच्या तळाशी लिहून ठेवलेला बरा.

एकवीस दिवसांनंतर शिक्षिका परत निघेल तेव्हा तिच्याजवळ कुप्या थोड्या आणि टणक डब्यात वापरलेल्या सुया पुष्कळ असतील. असा भरलेला डबा तेथेच, रुग्णालयाच्या किंवा औषधालयाच्या सूचनेप्रमाणे सोपवून देणे सर्वांत सोयीचे. उरलेल्या सुया आणि उरलेल्या कुप्या घेऊन ती पुन्हा त्या पट्ट्यापुढे उभी राहील आणि पिशवी ठेवण्यापूर्वी तेच एक पान पुढे करील. जाण्याच्या व येण्याच्या दोन्ही तारखा त्यात लिहिलेल्या असल्यामुळे ते तेव्हाही तितकेच खरे असेल.